सहस्रनामाचे सहा वार

«मी फोंडा तालुक्यात राहते आणि नोकरीसाठी रोज बसने पणजीला जाते. आमचे कुलदैवत म्हार्दोळची श्री महालसा. गेल्या चतुर्थीनंतर विष्णुसहस्रनाम म्हणायला घेतले. सकाळी देवापुढे मला जेमतेम बारा मिनिटे मिळतात. मोबाइलवर पाठ लावून पुस्तक हातात धरते, पण आवाज पुढे पळतो आणि विसाव्या श्लोकाच्या आसपास माझी वेळ संपते. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘विश्वं विष्णुः’पासून सुरुवात. सासूबाई म्हणतात, ‘सहस्रनाम अर्धवट टाकू नये, सवड नसेल तर हातच लावू नये.’ मला शाळेत संस्कृत नव्हते, त्यामुळे उच्चार चुकण्याचीही धास्ती वाटते. तुकड्यांनी म्हटले तर दोष लागतो का? की निवृत्त होईपर्यंत थांबावे?» — एक वाचक

प्रिय ताई,

तुमच्या सासूबाईंच्या बोलण्यात एक शब्द महत्त्वाचा आहे, तो म्हणजे ‘अर्धवट’. आपल्याकडे ज्ञानेश्वरीचे पारायण सात दिवस चालते, भागवताचा सप्ताह होतो, गुरुचरित्राच्या वाचनात कोणत्या दिवशी कोणत्या अध्यायापर्यंत थांबायचे हे आधीच ठरलेले असते. पहिल्या दिवशी पोथी मिटून ठेवली म्हणून पारायण अर्धवट राहिले, असे कोणीही म्हणत नाही, कारण थांबण्याची जागा वाचणाऱ्याने बसण्यापूर्वीच ठरवलेली असते आणि दुसऱ्या दिवशी तो तिथूनच पुढे जातो. बसची वेळ झाली म्हणून जिथे असू तिथे पुस्तक मिटणे आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर परतणे, याला मात्र अर्धवट हाच शब्द लागू पडतो. म्हणून दोष लागेल का, यापेक्षा आपण भाग करतो आहोत की नुसते थांबतो आहोत, हे आधी पाहू या.

सासूबाईंच्या बाजूनेही बोलायला हवे. महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्मांनी युधिष्ठिराला ही नावे सांगितल्यानंतर जी फलश्रुती येते, ती संपूर्ण सहस्रनामाविषयी बोलते. तिथे ‘सहस्रं वासुदेवस्य नाम्नामेतत्प्रकीर्तयेत्’ असे शब्द आहेत. तेव्हा अठरा श्लोक म्हणून संपूर्ण पाठ केल्याचे समाधान मानणे बरोबर नाही. तसेच नवस फेडण्यासाठी किंवा देवळात संकल्प सोडून केलेले सहस्र तुळशींचे अर्चन तोडून करायचे नसते; तिथे हजार नावे एका बैठकीतच पूर्ण व्हायला हवीत. पण तुमचे म्हणणे नित्यपाठाचे आहे आणि अजून शिकाऊ अवस्थेतले आहे. नित्यपाठाच्या पोथ्यांत शेवटी भगवंतांच्या तोंडी असलेला श्लोक सासूबाईंनाही पाठ असेल:

यो मां नामसहस्रेण स्तोतुमिच्छति पाण्डव ।
सोऽहमेकेन श्लोकेन स्तुत एव न संशयः ॥

ज्याला हजार नावांनी स्तुती करण्याची इच्छा आहे, त्याने एका श्लोकाने केलेली स्तुतीही मला पोहोचते, असे इथे म्हटले आहे. ‘इच्छति’ हा शब्द नजरेआड करू नका. एका श्लोकावर भागवण्याची सवलत म्हणून हा श्लोक वापरण्यापेक्षा, हजारांची इच्छा धरून आज जेवढे झाले तेवढे पोहोचते, असा त्याचा अर्थ घेणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

आता तुमच्या अडचणीच्या मुळाशी येते. रोज पहिल्या श्लोकापासून सुरुवात केल्यामुळे पहिले दहा-बारा श्लोक तुमच्या जिभेवर चांगले बसले असतील, पुढचे आठ-दहा अडखळत येत असतील आणि उरलेल्या ऐंशीहून अधिक श्लोकांची तोंडओळखही झाली नसेल. असेच वर्षभर चालले तरी चित्र बदलणार नाही. मी स्वतः लग्नानंतर पाठ सुरू केला तेव्हा नेमकी हीच चूक दोन वर्षे करत होते. माझ्या जुन्या पुस्तकाची पहिली चार पाने तेलाच्या बोटांनी पिवळी पडली आहेत आणि नंतरची पाने अजून कोरी दिसतात.

बारा मिनिटांचा हिशेब मांडून पाहू. ‘विश्वं विष्णुः’पासून ‘वनमाली गदी शार्ङ्गी’पर्यंत १०८ श्लोक आहेत. सरावाचा माणूस एक श्लोक साधारण दहा सेकंदांत म्हणतो, म्हणजे नुसत्या नावांना त्याला अठरा-वीस मिनिटे लागतात. नवख्याने घाई न करता, पुस्तकात पाहून, प्रत्येक ओळीशी श्वास घेत म्हटले तर एका श्लोकाला अर्धा मिनिट सहज जातो, आणि मग तेच १०८ श्लोक चौपन्न मिनिटांचे होतात. तुम्ही मोबाइलच्या आवाजामागे धावत होता, तो आवाज सरावाच्या माणसाचा आहे. त्याच्या वेगाशी बरोबरी करण्याचे काही कारण नाही.

१०८ ला सहाने भागले की अठरा येतात. अठरा श्लोक, अर्ध्या मिनिटाला एक, म्हणजे नऊ मिनिटे. आरंभी ‘शान्ताकारं भुजगशयनं’ हा ध्यानाचा श्लोक आणि शेवटी नमस्कार यांना दोन मिनिटे धरली तरी तुमच्या बारांतले एक मिनिट हाताशी उरते. (सावईवेऱ्याच्या श्री अनंताचे शेषशायी रूप पाहिलेल्यांना त्या ध्यानासाठी वेगळे चित्र डोळ्यांपुढे आणावे लागत नाही.) पूर्वभाग, न्यास आणि फलश्रुती सध्या रोजच्या पाठात घेऊ नका, ते रविवारसाठी ठेवा.

सहा भाग सहा वारांना बांधून टाका. सोमवारी ‘विश्वं विष्णुर्वषट्कारो’पासून, मंगळवारी ‘महाबुद्धिर्महावीर्यो’पासून, बुधवारी ‘अशोकस्तारणस्तारः’पासून, गुरुवारी ‘जीवो विनयिता साक्षी’पासून, शुक्रवारी ‘स्तव्यः स्तवप्रियः स्तोत्रं’पासून आणि शनिवारी ‘भारभृत्कथितो योगी’पासून शेवटपर्यंत. शनिवारी शेवटचा ‘वनमाली’ श्लोक तीनदा म्हणण्याची रीत आहे, ती पाळा. पुस्तकात या सहा ठिकाणी समासात पेन्सिलीने वाराचे नाव लिहून ठेवा. श्लोकांच्या क्रमांकावर मात्र विसंबू नका, कारण काही पुस्तकांत पूर्वभागापासूनच क्रमांक चालू होतात आणि काहींत ‘वनमाली’ वेगळा धरून १०७ च क्रमांक दिलेले असतात. आरंभीचे शब्द सगळीकडे तेच राहतात. नवे पुस्तक घेणार असाल तर एवढे पाहा की ते स्तोत्राचे आहे. ‘विष्णवे नमः, वषट्काराय नमः’ अशी सुटी नावे छापलेली असतील तर ती नामावली आहे, तिचा उपयोग अर्चनाला होतो आणि तिला या श्लोकांची लय नसते.

बसल्यावर मनाशी म्हणावे, ‘आज मंगळवार, आज दुसरा भाग.’ एवढे म्हटले की थांबण्याची जागा ठरली. मग अठरावा श्लोक संपला की थांबायचे, मिनिट उरले असले तरी पुढच्या भागात शिरायचे नाही. उरलेल्या मिनिटात त्याच अठरांतला अवघड गेलेला श्लोक पुन्हा म्हणा. आणि एखाद्या दिवशी वेळ मध्येच संपली तर निदान श्लोकाच्या शेवटाला थांबा, म्हणजे एखादे नाव तुटून पडणार नाही.

उच्चारांची धास्ती रास्त आहे, पण नेमके काय चुकते ते कळले की ती बरीच कमी होते. संस्कृत न शिकलेल्या आपल्यासारख्यांची मोठी चूक जोडाक्षरांत फारशी होत नाही, ती शब्दाच्या शेवटच्या ‘अ’मध्ये होते. मराठीत आपण ‘अक्षर’ लिहितो आणि ‘अक्षर्’ म्हणतो, ‘एव’ लिहिलेले ‘एव्’ वाचतो. स्तोत्रात तो ‘अ’ पूर्ण उच्चारावा लागतो. हे ओळखण्याची खूण सोपी आहे. सगळे सहस्रनाम अनुष्टुभ् छंदात आहे, म्हणजे श्लोकाला चार चरण आणि प्रत्येक चरणात आठ अक्षरे. दुसऱ्या श्लोकाचा शेवटचा चरण घ्या: ‘क्षेत्रज्ञोऽक्षर एव च’. अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवत म्हणा: क्षे, त्र, ज्ञो, क्ष, र, ए, व, च. आठ पेरे झाली. मराठी वळणाने ‘क्षरेव्‌ च’ असे उरकले तर पेरे आठाला पोहोचत नाहीत आणि आपल्याला लगेच कळते की कुठेतरी अक्षर गिळले गेले. मला हे माझ्या आजेसासूबाईंनी शिकवले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण तुळशीपुढे बसून दुसऱ्याचा पाठ ऐकताना त्यांचा अंगठा पेरांवर फिरत असे, आणि कोणी अक्षर खाल्ले की तो जागीच थांबे. शेवटचा ‘च’ही ‘चंद्र’मधला म्हणावा, ‘चूल’मधला नव्हे.

दुसरी अडचण येते ती जोडलेल्या नावांची. सहाव्या श्लोकात ‘पद्मनाभोऽमरप्रभुः’ आहे. मधली ती ‘ऽ’ अशी खूण सांगते की इथे एक ‘अ’ संधीत लपला आहे. म्हणताना तो उच्चारायचा नसतो, ‘पद्मनाभोमरप्रभुः’ असे एका श्वासात म्हणायचे असते, आणि पेरांवर मोजले तर बरोबर आठ अक्षरे भरतात. घोटाळा होतो तो मध्ये थांबल्यावर. ‘पद्मनाभो’ म्हणून श्वास घेतला आणि मग ‘मरप्रभुः’ म्हटले, तर अमरांचा प्रभू ऐकणाऱ्याला मर्त्यांचा प्रभू वाटेल. म्हणून श्वास चरणाच्या शेवटी घ्या, चरणाच्या मध्ये नको. पहिल्या महिन्यात अर्थाच्या मागे एवढेच लागा: ‘ऽ’ खूण दिसली की तिच्या पुढचे नाव ‘अ’ने सुरू होते हे पेन्सिलीने वर लिहून ठेवा.

एवढे करूनही चुका राहतील. त्यांच्यासाठी पाठाच्या शेवटी ‘यदक्षरपदभ्रष्टं मात्राहीनं तु यद्भवेत्’ हा क्षमा मागणारा श्लोक परंपरेनेच ठेवला आहे. शेवटच्या नमस्काराबरोबर तो रोज म्हणा. एखादे अक्षर किंवा मात्रा सुटली तर क्षमा कर, असे त्यात मागितले आहे. चुकण्याच्या भीतीने पाठच सोडून द्यावा, असे त्यात कुठेही नाही.

भागांचा आणखी एक फायदा आहे, आणि तो मला एका चोडणच्या गृहस्थांमुळे कळला. ते रोज फेरीबोटीने रायबंदरला उतरून कामाला जात. सकाळी घरी आपला भाग म्हणत आणि बोटीत उभ्या उभ्या तोच भाग मनात पुन्हा घोळवत. पहिल्या आठवड्यात सोमवारच्या अठरा श्लोकांना त्यांना चौदा मिनिटे लागली, दोन महिन्यांनी आठ पुरू लागली. मग त्यांनी एका एकादशीला पुस्तक न उघडता संपूर्ण पाठ करून पाहिला आणि तो नेहमीपेक्षा फारच लवकर संपला. कुठे काय गळले ते त्यांना कळेना. आम्ही पुस्तक घेऊन बसलो तेव्हा लक्षात आले की ते ‘उद्भवः क्षोभणो देवः’ या श्लोकाला लागायच्या ऐवजी ‘उद्भवः सुन्दरः सुन्दो’ या श्लोकाला लागले होते. पहिला एकेचाळिसावा आहे, दुसरा पंच्याऐंशीवा. ‘उद्भवः’ या एका शब्दावर पाय घसरला आणि मधले चव्वेचाळीस श्लोक मागे राहिले.

सहस्रनामात अशी सारखी वळणे पुष्कळ आहेत. ‘विष्णुः’ हे नावच तीन वेळा येते. ‘शुभाङ्गः शान्तिदः स्रष्टा’ आणि ‘शुभाङ्गो लोकसारङ्गः’ एकमेकांचा रस्ता अडवतात. ‘आवर्तनो निवृत्तात्मा’, ‘अनिवर्ती निवृत्तात्मा’ आणि ‘समावर्तोऽनिवृत्तात्मा’ या तिघांची तर हमखास सरमिसळ होते. सहा वारांत पाठ वाटला की या जोड्या वेगवेगळ्या दिवशी पडतात. दोन्ही ‘उद्भवः’ बुधवारी आणि शुक्रवारी, दोन्ही ‘शुभाङ्ग’ गुरुवारी आणि शुक्रवारी, तिन्ही ‘निवृत्तात्मा’ मंगळवारी, गुरुवारी आणि शुक्रवारी. प्रत्येकाला स्वतःचा वार मिळाला की जीभ सहसा चुकत नाही. त्या गृहस्थांनी नंतर पूर्ण पाठातही प्रत्येक भागापाशी मनात वाराचे नाव घ्यायला सुरुवात केली, आणि चुकलेली वाट त्यांना पुन्हा सापडली.

दिवस चुकणारच. आजारपण असते, सुतक-सोयर असते, घरच्या रिवाजाप्रमाणे महिन्यातले चार दिवस असतात, देवळात जत्रा असली की पाहुणे असतात. चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी भरून काढायला जाऊ नका. मंगळवार चुकला तर बुधवारी बुधवारचाच भाग म्हणा. थकबाकी जमू लागली की छत्तीस श्लोकांचे ओझे समोर दिसते आणि मग पाठच बंद पडतो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. एखादा वार सारखाच चुकत असेल, तर तेवढा भाग रविवारी म्हणा.

रविवार ऐकण्यासाठी ठेवा. त्या दिवशी मोबाइलवरचा पाठ लावा, पुस्तक उघडे ठेवा, ओळीवरून बोट फिरवा आणि स्वतः गप्प राहा. पूर्वभाग आणि फलश्रुतीसकट सगळे अर्ध्या तासात होते. फलश्रुतीत ‘य इदं शृणुयान्नित्यं यश्चापि परिकीर्तयेत्’ असे म्हटले आहे, म्हणजे ऐकणाराही म्हणणाऱ्याच्या पंक्तीला बसवला आहे. तुमच्या सासूबाईंना पाठ येत असेल तर मोबाइलऐवजी त्यांनाच म्हणायला सांगा. सहा दिवसांत तुम्ही हजार नावे एकदा पूर्ण केलेली असतील आणि सातव्या दिवशी त्यांच्या तोंडून ती अखंड ऐकाल. मग त्यांच्या ‘अर्धवट’ला फारशी जागा उरणार नाही, आणि तुमचे खाल्लेले अक्षर पकडणारे माणूसही घरातच मिळेल.

काहीजण सुचवतात की जन्मनक्षत्राच्या चरणाचा एकच श्लोक रोज म्हणावा. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण म्हणजे १०८, त्यामुळे अश्विनीच्या पहिल्या चरणाला पहिला श्लोक येतो, रोहिणीला तेरा ते सोळा, अशी ती जुळणी आहे. श्रद्धा असेल तर तो श्लोक तुमच्या भागाच्या शेवटी जोडा, पण भागाच्या जागी ठेवू नका, कारण मग उरलेले १०७ श्लोक कधीच तोंडी येणार नाहीत. ज्या दिवशी खरोखरच दोन मिनिटेही नसतील, त्या दिवसाची सोय मात्र परंपरेने केलेली आहे. पार्वतीने शंकराला ‘केनोपायेन लघुना’, म्हणजे कोणत्या सोप्या उपायाने हे सहस्रनाम रोज म्हणावे, असे विचारले. त्याचे उत्तर रामरक्षेमुळे आपल्या घराघरांतल्या मुलांनाही पाठ असते: ‘राम रामेति रामेति रमे रामे मनोरमे । सहस्रनाम तत्तुल्यं रामनाम वरानने’. बसमध्ये उभे राहूनही ते म्हणता येते.

पाठांतर हा वेगळा उद्योग आहे, त्याला वाचनात मिसळू नका. सहा महिने नुसते वाचून झाल्यावर आठवड्याला दोन श्लोक तोंडपाठ करायला घ्या. चौपन्न आठवड्यांत, म्हणजे वर्षाहून थोड्या जास्त काळात, सगळे होतात. तेही पहिल्या श्लोकापासून करू नका, ते तुम्हाला जवळजवळ येतातच. शनिवारच्या भागापासून घ्या, म्हणजे पूर्ण पाठात दम संपत आलेला असतो तिथेच जीभ सर्वांत सरावलेली असेल.

शुभ दिवस किंवा सोमवार उजाडण्याची वाट पाहू नका. हे सदर तुमच्या हाती पडेल त्या दिवशी जो वार असेल, त्याच वाराच्या भागापासून सुरुवात करा. तो बुधवार असला तर या पुस्तकातले तुमचे पहिले शब्द ‘अशोकस्तारणस्तारः’ असतील.